कंपनीचा नंबर परत गेला आणि पीएफचं खातं अडकलं : नोंदणीकृत मोबाइल बदलतानाचा अनुभव

सप्टेंबर 2025च्या शेवटी ऑफिसातून सगळ्यांना मेल आला. ज्यांचं पीएफचं ई-नॉमिनेशन, म्हणजे आपल्यामागे पैसे कोणाला मिळावेत याची ऑनलाइन नोंद, राहिलंय त्यांनी ऑक्टोबरअखेर ते पूर्ण करून त्याची प्रत जमा करा. माझं राहिलेलंच होतं. 6 ऑक्टोबरला सोमवारी रात्री जेवण झाल्यावर लॅपटॉप उघडून ईपीएफओचं सदस्यांसाठीचं पोर्टल सुरू केलं. बऱ्याच वर्षांत तिकडे फिरकलो नव्हतो, त्यामुळे पासवर्ड आठवत नव्हता. `Forgot Password` दाबलं, यूएएन म्हणजे पीएफ सदस्याचा कायमचा क्रमांक टाकला, कॅप्चा भरला. पुढच्या पानावर पोर्टलने विचारलं, या नंबरवर ओटीपी पाठवू का? नंबराचे पहिले आकडे झाकलेले होते, शेवटचे तेवढे दिसत होते. तेवढ्यावरून ओळख पटली. तो माझ्या आधीच्या कंपनीचा नंबर होता.

आमच्या त्या कंपनीत विक्री विभागातल्या प्रत्येकाला रुजू होताना सिम मिळायचं. मीही सात-आठ वर्षं तोच नंबर वापरला. आधार, पीएफ, आयकर, बँक, सगळीकडे तोच. नोकरी सोडताना लॅपटॉप, ओळखपत्र आणि सिम एकाच पाकिटात घालून परत केलं, पोच घेतली आणि नव्या नोकरीत नवा नंबर घेतला. कामापुरता तो ज्याला त्याला कळवला. सरकारी खात्यांकडून कधी काही विचारणा झाली नाही, म्हणून ती तशीच राहिली.

तर ज्यांचा नंबर असाच हातचा गेलाय त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझी गाठ पडली ती पीएफ आणि आधारशी, पण ही गुंतागुंत बहुतेक सरकारी खात्यांत सारखीच आहे.

आधी सोपी वाट सांगतो, कारण ती ज्यांना खुली आहे त्यांना बाकीचं काही करायची गरज नाही. फोन हरवला किंवा चोरीला गेला असेल आणि नंबर तुमच्या स्वतःच्या नावावर चालू असेल, तर खात्यातला नंबर बदलायच्या मागे लागू नका. ओळखपत्र घेऊन मोबाइल कंपनीच्या गॅलरीत जा, तोच नंबर नव्या सिमवर मिळतो. एकच लक्षात ठेवायचं, नवं सिम चालू झाल्यावर पहिले 24 तास एसएमएस बंद असतात. दुसऱ्याच्या नंबरचं सिम काढून ओटीपी पळवणाऱ्यांना आळा बसावा म्हणून ही अट आहे. त्यामुळे सिम बदललं त्याच दिवशी ओटीपी येत नाही म्हणून घाबरायचं कारण नाही.

मीही दुसऱ्या दिवशी दुपारी गॅलरीत जाऊन विचारलंच. काउंटरवरच्या मुलाने नंबर टाकून पाहिला आणि मान हलवली. ‘सर, हा नंबर आता दुसऱ्या ग्राहकाच्या नावावर आहे.’ कंपनीने पूर्वीच कनेक्शनं बंद केली होती. बंद झालेला नंबर 90 दिवस कोणाला देत नाहीत, त्यानंतर तो पुन्हा बाजारात येऊ शकतो. माझ्या नंबरचे ते 90 दिवस कधीच उलटून गेले होते.

बाहेर येऊन तो नंबर व्हॉट्सॲपवर शोधला. फोटोत बर्थडे टोपी घातलेलं एक लहान मूल, शेजारी अर्धा कापलेला केक. ऑफिसातला मित्र म्हणाला, ‘अरे, फोन कर आणि ओटीपी विचारून घे, दोन मिनिटांचं काम.’ फोन मी केला, पण ओटीपीसाठी नाही. आपल्या नंबरवर आता कोण आहे आणि तिथे आपलं काय काय जातंय एवढं तरी कळावं म्हणून. पलीकडे एक ताई होत्या. मी नाव सांगितल्याबरोबर म्हणाल्या, ‘तुम्हीच का ते! दादा, वर्षभर तुमच्या नावाने फोन येतायत मला. विम्याचे, बँकेचे, कसले कसले. ते आकडेवाले मेसेज पण येतात. सांगू का?’

नको म्हणालो. त्या भल्या घरच्या होत्या, पण त्या ‘सांगू का’ने माझ्या पोटात गोळा आला. पीएफच्या खात्यात शिरायला लागणारे आकडे मला हवे तेव्हा मिळत नव्हते आणि ज्यांना त्यांच्याशी काही देणंघेणं नाही त्यांच्या फोनवर ते आयते जात होते. शिवाय अनोळखी माणसाकडून ओटीपी घेऊन आज आत शिरलो असतो, तरी आधारचा ओटीपी उद्याही त्यांच्याकडेच गेला असता. त्यांना म्हटलं, तेवढे मेसेज पुसून टाका आणि कोणी विचारले तर सांगू नका, मी नंबर बदलून घेतोय.

आता मुख्य गाठ. पीएफच्या कामात दोन वेगवेगळे ओटीपी लागतात आणि ते दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात. एक पीएफ खात्याचा. तो ईपीएफओ पाठवतं, खात्यात नोंदलेल्या मोबाइलवर. दुसरा आधारचा. तो आधार देणारी सरकारी संस्था यूआयडीएआय पाठवतं, आधारला जोडलेल्या मोबाइलवर. मग तुम्ही कुठल्याही पोर्टलवरून मागवलेला असो. या दोन स्वतंत्र नोंदी आहेत. एकीकडे बदललं म्हणून दुसरीकडे आपोआप बदलत नाही. ई-नॉमिनेशनमध्ये शेवटी आधारने ई-साइन करावं लागतं, म्हणजे नुसता पीएफमधला नंबर बदलून माझं काम होणार नव्हतं. म्हणून क्रम ठरवला. आधी आधार, मग पीएफ. उलट गेलात तर शेवटच्या पायरीवर येऊन अडकाल आणि पुन्हा आधारच्या रांगेत उभे राहाल.

तुमच्या आधारला कुठला नंबर जोडलाय हेच आठवत नसेल, तर `myaadhaar.uidai.gov.in` वर `Verify Email/Mobile` अशी सोय आहे. लॉगिन लागत नाही. आधार क्रमांक आणि तुम्हाला वाटतो तो मोबाइल नंबर टाकायचा, तो जोडलेला आहे की नाही एवढं ते सांगतं. मी नवा नंबर टाकून पाहिला, नाही म्हणालं. जुना टाकला, हो म्हणालं. संशय फिटला.

आधारचा पत्ता घरबसल्या वेबसाइटवरून बदलता येतो, मोबाइल नाही. कारण वेबसाइटवर आत शिरायलाच जोडलेल्या मोबाइलवरचा ओटीपी लागतो, आणि तोच तर आपल्याकडे नसतो. त्यामुळे आधार केंद्रावर जाऊन बोट टेकवणं आलं. (नंतर आलेल्या नव्या आधार ॲपमध्ये चेहऱ्याच्या पडताळणीने नंबर बदलायची सोय झाली आहे. माझं काम त्याआधीचं, म्हणून मी केंद्राचीच वाट सांगू शकतो. ज्यांच्या फोनवर ते ॲप चालतं त्यांनी आधी ते जरूर पाहावं.)

केंद्रं बँकांत, टपाल कार्यालयांत आणि यूआयडीएआयच्या स्वतःच्या सेवा केंद्रांत असतात. जवळचं केंद्र कुठे आहे ते `bhuvan.nrsc.gov.in/aadhaar` या नकाशावर पिनकोड टाकून सापडतं. सेवा केंद्रात जायचं असेल तर ऑनलाइन वेळ घेता येते, आणि त्यासाठी येणारा ओटीपी चालू असलेल्या कुठल्याही नंबरवर घेता येतो, जुनाच लागतो असं नाही. मी मात्र घराजवळच्या एका बँकेच्या शाखेतलं केंद्र निवडलं. तिथे सकाळी टोकन देतात आणि तेवढेच लोक दिवसभरात घेतात, असं शेजारच्यांनी सांगितलं होतं.

9 ऑक्टोबरला गुरुवारी अर्धी रजा टाकून बँक उघडायच्या आधी पोचलो. शटरच्या बाहेर पंधरा-वीस जण होते. लहान मुलांना घेऊन आलेल्या आया, एक आजोबा, कॉलेजची दोन पोरं. रांगेच्या कडेने एक जण फिरत होता. ‘आधारचं काम आहे का? पाचशेत लगेच करून देतो, थांबायला नको.’ असल्यांच्या नादी लागू नका. मोबाइल बदलायला कुठलंही कागदपत्र जोडावं लागत नाही, फक्त आधार क्रमांक आणि तुम्ही स्वतः लागता. मधल्या माणसाला त्यात करण्यासारखं काही नसतं, तुमच्या बोटाऐवजी तो स्वतःचं बोट लावू शकत नाही.

शुल्काचंही सांगून टाकतो. 1 ऑक्टोबर 2025पासून मोबाइल, पत्ता, नाव अशा माहितीतल्या बदलाला 75 रुपये आहेत, आधी 50 होते. माझ्या पुढच्या आजोबांनी पन्नासची नोट काढून ठेवली होती, त्यांना ऑपरेटरने भिंतीवरचा नवा कागद दाखवला. एकाच खेपेला नाव, पत्ता आणि मोबाइल असं दोन-तीन गोष्टींचं काम असेल तर ते एकत्रच सांगा. एका वेळच्या विनंतीला एकदाच शुल्क लागतं. पावतीवर लिहिलंय त्याहून जास्त कोणी मागितलं तर 1947 या क्रमांकावर तक्रार करता येते.

माझा नंबर आला तेव्हा साडेअकरा वाजले होते. एक छोटा फॉर्म भरून दिला. त्यावर आधार क्रमांक, नाव आणि नवा मोबाइल, बाकी रकाने कोरे. ऑपरेटर बाईंनी आधार क्रमांक टाकला, मी यंत्रावर उजव्या हाताची तर्जनी ठेवली. जुळेना. ‘काका, जरा पुसून ठेवा. दाबू नका, नुसतं टेकवा.’ मी जोर लावून दाबत होतो. दाबल्यावर रेषा पसरतात आणि ठसा पुसट येतो, असं त्यांनी सांगितलं. त्यांनी ओल्या कपड्याने काच पुसली, माझं बोट रुमालाला पुसायला लावलं आणि मधलं बोट टेकवलं, ते लागलं. ज्यांची बोटं कामाने झिजलेली असतात त्यांचे ठसे बऱ्याचदा लागत नाहीत. तेव्हा डोळ्यांची बुबुळं स्कॅन करून काम होतं, त्यामुळे ठसा लागला नाही म्हणून परत फिरू नका, बुबुळांचं यंत्र लावायला सांगा.

माझ्याकडे तोंड केलेला दुसरा मॉनिटर होता. तो नीट पाहा, त्यासाठीच असतो. बाईंनी नंबर टाकून झाल्यावर मला वाचायला सांगितलं. मी दोन-दोन आकडे करून मोठ्याने वाचले. घाईत एखादा आकडा इकडचा तिकडे झाला, तर तुमचं आधार कोणा तिसऱ्याच्याच फोनला जोडलं जाईल आणि तुम्ही पुन्हा रांगेत याल.

पावती मिळाली. तिच्यावर नोंदणी क्रमांक, तारीख, वेळ आणि भरलेली रक्कम होती. तिचा तिथेच फोटो काढून ठेवला, कारण ही थर्मल कागदाची पावती महिन्या-दोन महिन्यांत पांढरी पडते. आधारच्या त्याच वेबसाइटवर `Check Enrolment & Update Status` मध्ये पावतीवरचा क्रमांक टाकला की काम कुठवर आलंय ते दिसतं. त्यालाही ओटीपी लागत नाही. केंद्रावर 30 दिवसांपर्यंत लागू शकतात असं सांगतात. मोबाइलचं काम सहसा त्याच्या आधीच होतं. माझं आठवड्याच्या आत झालं. 14 तारखेला मंगळवारी सकाळी नव्या नंबरवर मेसेज आला, आणि `Verify Email/Mobile` मध्ये जुना नंबर टाकल्यावर आता नाही असं उत्तर आलं.

मधल्या दिवसांत पीएफच्या बाकीच्या वाटाही चाचपून पाहिल्या. शिल्लक कळावी म्हणून 9966044425 वर मिस्ड कॉल द्यायची सोय आहे, आणि 7738299899 वर एसएमएस पाठवायचीही. एसएमएसमध्ये `EPFOHO UAN MAR` असं लिहिलं तर उत्तर मराठीत येतं, ही गोष्ट मला तेव्हा कळली. पण दोन्ही सोयी नोंदलेल्या मोबाइलवरूनच चालतात. म्हणजे माझ्या पीएफची शिल्लक मराठीत मागवायची सोय त्या केकवाल्या ताईंकडे होती, माझ्याकडे नाही.

आधारचा मेसेज आला त्याच रात्री पुन्हा पोर्टल. पुन्हा `Forgot Password`, यूएएन, कॅप्चा, आणि तोच प्रश्न. या वेळी ‘नाही’ निवडलं. नंबर हरवलेल्यांची वाट इथूनच सुरू होते, आणि बरेच जण इथवर येऊन माघारी फिरतात कारण ‘नाही’ म्हटल्यावर पुढे काही असेल असं वाटत नाही. असतं. पोर्टल नाव, जन्मतारीख आणि लिंग विचारतं. ते त्यांच्या नोंदीशी जुळलं की आधार किंवा पॅनपैकी एक क्रमांक मागतं. तोही जुळला की नवा मोबाइल नंबर विचारतं, त्यावर ओटीपी येतो आणि मग नवा पासवर्ड ठेवता येतो.

मी नाव टाकलं, आधारवर आहे तसं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. माहिती जुळत नाही, असा लाल अक्षरांत संदेश. जन्मतारीख तपासली, बरोबर होती. मधलं नाव काढून टाकलं, तरी तेच. आणखी प्रयत्न करत बसलो नाही. चुकीची माहिती पुन्हा पुन्हा भरून खातं कुलूपबंद व्हायला नको, म्हणून लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी कपाटातल्या नोकरीच्या फायलीत शोधाशोध केली. पगाराच्या स्लिपा, फॉर्म सोळा, आणि त्यांच्यात एक जुनं पीएफ पासबुकचं प्रिंट निघालं. ते पाहिल्यावर उलगडा झाला. तिथे आडनाव पहिलं होतं. आमच्याकडे शाळेच्या दाखल्यापासून हजेरीपटापर्यंत आडनाव आधी लिहायची पद्धत, आणि मी रुजू झालो तेव्हा कंपनीतल्या कोणीतरी त्याच चालीवर माझं नाव भरून टाकलं होतं. वडिलांचं नाव शेवटी, आणि तेही नुसतं आद्याक्षर. पोर्टलला माणूस तोच आहे की नाही याच्याशी मतलब नाही, त्याच्या वहीत जी अक्षरं ज्या क्रमाने आहेत तीच तशी हवीत. यूएएन कार्ड असो, पासबुक असो, त्यावर छापलेलं नाव जागा आणि टिंबासकट तसंच्या तसं टाका. हे प्रिंट हाताशी नसेल तर सध्याच्या किंवा आधीच्या कंपनीच्या एचआरला फोन करून ‘पीएफच्या नोंदीत माझं नाव नेमकं कसं आहे’ एवढंच विचारा. ते त्यांच्या बाजूच्या पोर्टलवर पाहून सांगू शकतात.

16 तारखेला रात्री त्या प्रिंटकडे बघत एकेक अक्षर टाकलं. जुळलं. आधार क्रमांक टाकला, जुळला. नवा मोबाइल नंबर टाकला आणि काही सेकंदांत फोन वाजला. वर्षांनंतर पीएफचा मेसेज माझ्या फोनवर आला होता. आनंदाने ओरडायचंच बाकी होतं, पण घरात सगळे झोपले होते.

एक अट इथे स्पष्ट सांगायला हवी. ही वाट चालते ती यूएएनला आधार किंवा पॅन आधीपासून जोडलेलं आणि पडताळलेलं असेल तरच. माझं होतं, कारण आधीच्या कंपनीने ते करून घेतलं होतं. ज्यांचं दोन्हीपैकी एकही जोडलेलं नाही त्यांना घरबसल्या काही करता येणार नाही. त्यांना कंपनीमार्फत केवायसी करून घ्यावं लागेल. कंपनीच बंद पडली असेल तर पीएफचं क्षेत्रीय कार्यालय गाठावं लागेल. दर महिन्याच्या 27 तारखेला ‘निधी आपके निकट’ नावाचं शिबिर जिल्ह्याजिल्ह्यांत भरतं, त्या दिवशी अधिकारी समोर भेटतात. जाताना आधार, पॅन, पासबुक आणि नोकरीचा एखादा पुरावा बरोबर असू द्या.

नव्या पासवर्डने आत गेलो. काम झालं असं इथे धरू नका. वरच्या `Manage` मध्ये `Contact Details` उघडा आणि तिथे कुठला नंबर दिसतोय ते डोळ्यांनी पाहा. जुना दिसत असेल तर `Change Mobile No.` समोर खूण करा, नवा नंबर दोनदा टाका, `Get Authorization PIN` दाबा. पिन नव्याच नंबरवर येतो. ईमेलही तिथेच बदलता येतो. माझा ईमेल कंपनीचाच होता, म्हणजे तोही गेलेला. त्याच बैठकीत तोही बदलला. पुढच्या वेळी नंबर गेलाच तर निदान ईमेल तरी आपला असेल.

मध्ये दिवाळी आली. ई-नॉमिनेशन पुढे ढकललं, शनिवारी 25 तारखेला बसलो. त्यात आधी प्रोफाइलला फोटो लावावा लागतो, नाहीतर पुढे जाऊच देत नाही. मग कुटुंबातल्या प्रत्येकाचं नाव, जन्मतारीख, नातं, आधार. बायकोचा आणि मुलीचा फोटो ठरावीक आकारात बसवण्यात तासभर गेला, नंबर बदलण्यापेक्षा हाच प्रकार जास्त किचकट वाटला. हिस्से टक्क्यांत द्यायचे आणि त्यांची बेरीज शंभर यायला हवी. जतन केलं की अर्ज ई-साइनसाठी दिसतो. आधारचा ओटीपी मागवला आणि तो माझ्याच फोनवर आला. दहा मिनिटं चालतो, त्यामुळे मागवायच्या आधी फोन जवळ घेऊन बसा. सही झाली, पीडीएफ उतरवून सोमवारी एचआरला दिली. ई-साइन न करता नुसतं जतन केलेलं नॉमिनेशन ग्राह्य धरत नाहीत. आमच्या ऑफिसात निम्म्या लोकांचं नेमकं तिथेच राहिलेलं निघालं.

उरलेली खाती मग पटापट उरकली. आयकराच्या पोर्टलचा पासवर्ड लक्षात होता, त्यामुळे तिथे प्रोफाइलमध्ये जाऊन संपर्काचा तपशील बदलला, नव्या नंबरवर आणि ईमेलवर ओटीपी आले, संपलं. पासवर्ड विसरलात तरी तिथे आधारच्या ओटीपीने आत जाता येतं, म्हणजे आधारचं काम आधी केल्याचा तिथेही उपयोग होतो. बँकेचं मात्र आधारवर अवलंबून नाही. आधारला नंबर जोडला म्हणून बँकेत तो आपोआप जात नाही, त्यासाठी शाखेत वेगळा अर्ज द्यावा लागतो आणि सही जुळवून घेतात. मी तो पीएफच्या आधीच देऊन टाकला होता, कारण ताईंनी बँकेचे मेसेज येतात म्हटल्यावर दम निघत नव्हता.

खर्च म्हणाल तर आधारचे 75 रुपये आणि अर्धी रजा, एवढाच. पीएफकडे आणि आयकराकडे नंबर बदलायला काही शुल्क नाही. जुन्या नंबरवर अजून काय काय नोंदलेलं आहे याची यादी करताना मला गॅस, वीज आणि मुलीच्या शाळेचं ॲप सापडलं. तुमची यादी करताना जुन्या फोनमधले किंवा बॅकअपमधले एसएमएस एकदा वरून खाली चाळा, पाठवणाऱ्याच्या नावावरून बरंच आठवतं. आणि आता कोणी नोकरी सोडत असाल, तर सिम पाकिटात घालायच्या आधीच त्यावर ओटीपी मागवून सगळीकडचे नंबर बदलून घ्या. तेव्हा हेच काम एका दुपारचं असतं.